एका खाड्याचे पाच दिवस

बिलोली तालुक्यात मांजरा नदीच्या काठी एक गाव आहे. त्या गावात एक सालगडी राहायचा. पाडव्याला साल धरायचं आणि पुढच्या पाडव्याला सोडायचं, असं त्यानं तीस वर्षं केलं. मग गुडघे गेले आणि साल सुटलं. घरचं दीड एकर रान होतं, त्यात सोयाबीन आणि कापूस. पाऊस बरा झाला तर त्यावर घर चालायचं, नाही झाला तर उधारीवर.

त्याला एकच पोरगा होता, बारावी झालेला. पोरगा म्हणाला, मी काही साल धरणार नाही. बाप म्हणाला, धरू नको.

गावातले दोघं-तिघं भिवंडीला गोदामात कामाला होते. त्यांच्यातला एक जण सणाला आला तेव्हा त्यानं पोराला सांगितलं, "पंधरा हजार पगार हाय. सावलीतलं काम. आठवड्याला एक सुट्टी." पोरानं धर्माबादला जाऊन देवगिरी एक्सप्रेस धरली. सकाळी कल्याणला उतरला, रिक्षानं भिवंडीला गेला आणि त्याच दिवशी ठेकेदाराच्या ऑफिसात तीन कागदांवर सह्या करून मोकळा झाला. कागद वाचायला कुणी अडवलं नव्हतं. पण मागं रांग होती, आणि रांगेतल्या माणसाला वाचत बसायची लाज वाटते.

गोदाम प्रचंड होतं. या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचा माणूस ओळखू येत नसे. छतापर्यंत रॅक, त्यावर खोकी, खोक्यात शॅम्पूपासून कुकरपर्यंत सगळं. पोराच्या हातात एक स्कॅनर दिला. स्कॅनरवर रांगेचा आणि कप्प्याचा नंबर यायचा, तिथं जाऊन वस्तू काढायची, तिच्यावरच्या पट्ट्या स्कॅन करायच्या आणि ट्रॉलीत टाकायची. की लगेच पुढचा नंबर. दिवसभर हेच. काम अवघड नव्हतं, पण चालणं फार होतं. पहिल्या आठवड्यात त्याच्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून त्यानं बूट घेतले.

खोलीत चौघं राहायचे. भाड्याचा वाटा दीड हजार, खानावळीचे तीन हजार दोनशे.

पहिला पगार झाला. महिन्यात कामाचे दिवस २६ होते आणि त्यानं २६ही भरले होते. मूळ पगार १३,००० आणि हजेरी बोनस २,०००, असे पंधरा हजार. त्यातून प्रॉव्हिडंट फंडाचे १,५६० आणि ईएसआयचे ११३ रुपये गेले. हातात १३,३२७ आले. त्यानं सात हजार घरी पाठवले. मायनं बचत गटाचा हप्ता भरला, बापाच्या गोळ्या आणल्या, दुकानदाराचे थोडे फेडले. पोराला वाटलं, आपलं बरं चाललं आहे. पुढचे तीन महिनेही असेच गेले.

पाचव्या महिन्यात पावसानं जोर धरला. गोदामाच्या आवारात गुडघाभर पाणी, खोलीत ओल. एका मंगळवारी पोराला ताप भरला. महिन्याचे वीस दिवस भरले होते, सहा राहिले होते. शेजारच्या गादीवर देगलूरकडचा एक थोराड माणूस झोपायचा, त्याला सगळे मामा म्हणायचे. मामा म्हणाले, "आज जाऊ नको. अंग तव्यासारखं तापलंय."

"बोनस जाईल ना मामा."

"जाईल," मामा म्हणाले आणि कूस बदलून झोपले. त्यांचा बोनस महिन्याच्या तीन तारखेलाच गेला होता. पोरीला दवाखान्यात दाखवायला ते एक दिवस थांबले होते. त्यानंतर त्याच महिन्यात ते आणखी तीन दिवस कामावर गेले नव्हते. पोरगा तेव्हा त्यांना आळशी समजला होता.

पोरगा तापात कामावर गेला. त्या दिवशी त्याला माल लावायचं काम दिलं होतं. डोळ्यांसमोर आकडे हलत होते. चौदा नंबरच्या रांगेत ठेवायची खोकी त्यानं चोवीसमध्ये ठेवली. ठेवताना कप्प्याची पट्टी स्कॅन करायची असते, ती त्यानं घाईत केलीच नाही, नंबर हातानं दाबून दिला. त्यामुळं स्कॅनर म्हणत होता माल चौदामध्ये आहे, आणि चौदाचा कप्पा रिकामा. संध्याकाळची गाडी लागली तेव्हा हे उघड झालं. सहा माणसं दोन तास ती खोकी शोधत होती. सुपरवायझर जालन्याचा होता, तोंडानं फटकळ पण माणूस वाईट नव्हता. त्यानं पोराच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "ताप घेऊन आलास कशाला? घरी झोपला असतास तर मला एक माणूस कमी पडला असता. आता सहा पडले."

दुसऱ्या दिवशी पोराला उठताच आलं नाही. तो दिवस पडला. तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला आणि महिनाअखेरपर्यंत एकही दिवस चुकला नाही. २६ पैकी २५ दिवस भरले.

सात तारखेला पगार झाला. मोबाईलवर मेसेज आला, १०,९०६. पोराला वाटलं, चुकून दुसऱ्याचा पगार आला असावा. एका दिवसाचे पाचशे जातील हे त्याला ठाऊक होतं. बोनस जाईल हेही त्यानं ऐकलं होतं. पण थोडा जाईल, असं तो समजून चालला होता.

जेवणाच्या सुट्टीत तो ठेकेदाराच्या ऑफिसात गेला. ऑफिस म्हणजे आवारात ठेवलेला एक कंटेनर, त्यात एक पंखा, एक कारकून आणि भिंतीला टेकलेल्या फायली. पोरानं विचारलं, "साहेब, एका खाड्याचे चोवीसशे कापले?"

कारकुनानं स्लिप काढली, त्यावर पेन ठेवलं आणि शांतपणे दाखवलं. "कापले नाहीत. एका दिवसाचा पगार पाचशे, तेवढाच कमी धरलाय. हे बघ, १२,५००. फंड आणि ईएसआय त्याच हिशोबानं. आणि इथं हजेरी बोनसच्या पुढं काय आहे? शून्य. तो कापलेला नाही. तो तुला मिळालेलाच नाही. पूर्ण हजेरी असेल तरच मिळतो. तुझी सही आहे त्यावर."

"डॉक्टरचा कागद आणला तर?"

"तर तुला कामावरून काढणार नाही. बोनस नाही मिळणार."

"आणि ईएसआय? त्याचे पैसे जातात की महिन्याला."

"आजारपणाचा भत्ता मिळतो, रोजाच्या सत्तर टक्के. पण पहिले दोन दिवस धरत नाहीत. तुझा आजार एक दिवसाचा." कारकुनानं स्लिप परत दिली. त्याच्या बोलण्यात खोट काहीच नव्हती. त्याचाही पगार ठेकेदारच देत होता.

पोरगा रात्री हिशोब करत बसला. हातातला पगार अठरा टक्क्यांनी कमी झाला होता. पण भाडं अठरा टक्क्यांनी कमी झालं नव्हतं, खानावळही नाही. जे कमी करता येत होतं ते एकच होतं, घरी पाठवायचे पैसे. सात हजारांच्या जागी त्यानं साडेचार हजार पाठवले. मायनं गटाचा हप्ता भरला आणि गोळ्या अर्ध्याच आणल्या. ती फोनवर काही बोलली नाही, पण बापानं फोन घेतला.

"काय झालं रे? सुट्टी लई मारली का?"

"नाही बा. एकच खाडा पडला."

"एका खाड्याला अडीच हजार?"

"पाचशे रोजाचे आणि दोन हजार बोनसचे. वरचे थोडे फंडाचे वाचले."

बाप जरा वेळ गप्प राहिला. तो शाळेत गेलेला नव्हता, पण खाड्याचा हिशोब त्याच्याएवढा कुणाला येत होता? तीस वर्षं मालक वहीत आणि तो घरच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढत आला होता. पाडव्याला दोन्हीचा मेळ बसवायचा. एक खाडा म्हणजे एक दिवस. तेवढे पैसे कापून घ्या, नाहीतर तेवढे दिवस पाडव्यानंतर भरून घ्या, हा ठराव.

"पाचशेचा रोज," बाप म्हणाला. "म्हणजे एका खाड्याला पाच दिवस गेले. कुण्या हिशोबानं?"

"बोनस म्हणजे वरचा असतो बा. ते म्हणायलेत, कापला नाही, मिळाला नाही."

"तुला कामावर नेलं तवा काय सांगितलं होतं? तेरा का पंधरा?"

"पंधरा."

"मग वरचा कसा? पंधरा सांगून नेलं ना? पंधरातले दोन बाजूला काढून ठेवले आणि त्यालाच बक्षीस म्हणायलेत." मग बापानं एक जुनी गोष्ट सांगितली. शेजारच्या गावात एक मालक होता. एका खाड्याला दोन दिवस कापायचा, म्हणायचा धाक राहतो. "दोन सालं चाललं त्याचं. तिसऱ्या पाडव्याला त्याच्या दारात गडी उभा राहिला नाही. रान पडीक पडलं. आणि तुमचा हा पाच कापतो, अन् तुम्ही रांग लावून उभे."

पोरानं फोन ठेवला. मामा जागेच होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मामा, त्या महिन्यात तुम्ही तीन दिवस जास्तीचे का राहिलात?"

"पहिल्या दिवसाला अडीच हजार गेले," मामा म्हणाले. "दुसऱ्याला पाचशे. तिसऱ्याला पाचशे. महाग दिवस घेऊन झाला होता, मग स्वस्तातले का सोडू? गावाकडं जाऊन पेरणी उरकून आलो."

तेव्हा पोराच्या लक्षात आलं की मामा आळशी नव्हते. त्यांना हिशोब येत होता.

दोन-तीन आठवड्यांनी सुपरवायझर वैतागलेला होता. महिन्याचे शेवटचे दिवस, गाड्या जास्त आणि माणसं कमी. तो हजेरीचा मस्टर पुढ्यात घेऊन बसला होता. पोरगा पाणी प्यायला तिथून जात होता. सुपरवायझर त्याला म्हणाला, "तुम्हा लोकांना बोनस देऊनही येत नाही तुम्ही. काय करायचं सांग."

पोरानं मस्टरवर नजर टाकली. नावापुढं एकेक चौकोन, हजर असेल तिथं निळी टिक, नसेल तिथं लाल फुली. तो थोडा घाबरत म्हणाला, "साहेब, फुल्या मोजू नका. पहिली फुली कुठं पडली ते बघा."

सुपरवायझरनं बोट ठेवून पाहिलं. ज्यांच्या नावापुढं एकही फुली नव्हती, ते वीस तारखेनंतरही रोज येत होते, आणि त्यातले दोघं खोकत होते. ज्यांची पहिली फुली महिन्याच्या सुरुवातीला पडली होती, त्यांच्या नावापुढं पुढं आणखी फुल्या होत्या, तीन, चार, एकाच्या पाच. एकच फुली असलेली माणसं फार थोडी होती, आणि त्यांची ती फुली महिन्याच्या अगदी शेवटाला होती.

"एकदा गेला की गेला," पोरगा म्हणाला. "मग उरलेल्या महिन्यात यायला बोनसचा काही उपयोग नाही. आणि गेला नसेल तर ताप घेऊन येतो माणूस. मी आलो होतो."

सुपरवायझरला ती हरवलेली खोकी आठवली. तो मस्टर घेऊन ठेकेदाराकडं गेला. ठेकेदार म्हणाला, एक दिवस सोडला तर सगळे सोडतील. सुपरवायझर म्हणाला, सोडतातच आहेत. दोघांची बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठेकेदारानं एवढं मान्य केलं की दोन हजारांचे चार भाग करू. आठवडा पूर्ण भरला की त्या आठवड्याचे पाचशे पक्के. एका आठवड्यात खाडा पडला तर त्याच आठवड्याचे जातील, बाकीचे राहतील.

एवढ्यानं बराच फरक पडला. ज्याला ताप आला तो झोपला आणि सोमवारी नक्की आला, कारण सोमवारपासून नवा आठवडा होता आणि त्यात कमवायला काही उरलं होतं. महिनाअखेरची ओरड कमी झाली. मामा गावाकडं गेले तर दोन दिवसांत परत येऊ लागले. ठेकेदाराला मात्र एक गोष्ट खुपली. पूर्वी ज्यांना शून्य द्यायचा, त्यांना आता हजार-दीड हजार द्यावे लागत होते. चार महिन्यांनी त्यानं आठवड्याचे पाचशेचे चारशे केले. मूळ पगार तेरा हजारच राहिला.

पोरगा पाडव्याला गावी आला. बापानं विचारलं, आता एका खाड्याला किती जातात?

"रोजाचे पाचशे आणि आठवड्याचे चारशे. नऊशे."

बापानं बोटांवर मोजलं. "म्हणजे दोन दिवसाला जरा कमी. त्या शेजारच्या मालकाएवढंच झालं." मग म्हणाला, "पण पाचापेक्षा बरं."

गोष्ट इथं संपते. अशी स्लिप हातात पडलेले पुष्कळ जण असतात, म्हणून थोडं सांगावंसं वाटतं. या बापाचा हिशोब कायद्यालाही ठाऊक आहे. वेतन प्रदान कायदा १९३६ सालचा, त्याच्या नवव्या कलमात हेच लिहिलं होतं की गैरहजेरीसाठी पगारातून कापायची रक्कम गैरहजर दिवसांच्या प्रमाणाबाहेर जाता कामा नये. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही तो नियम आहे. पण हे बंधन कपातीवर आहे. जी रक्कम कापलीच नाही, अटीत बसली नाही म्हणून दिली नाही, तिच्यापर्यंत ते सहसा पोचत नाही. म्हणून पगाराचा एक तुकडा अटीच्या पलीकडं नेऊन ठेवतात. धाक त्या तुकड्याचा असतो, आणि खाडा पडला की तो धाकही संपतो. माणूस तापात राबतो, नाहीतर घरी बसतो. या दोन्हींच्या मध्ये शहाण्यासारखं वागायला जागाच उरत नाही.

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे आणि गोदामं त्यात येतात. ज्या आस्थापनेला तो पूर्ण लागू आहे, तिथल्या कामगाराला वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा मिळते. ती दर तिमाहीला जमा होते आणि वापरली नाही तर वर्षाअखेर बुडते. ठेकेदारामार्फत कामाला असलेला माणूसही त्या कायद्यानं कामगारच आहे. पोराला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं. ती रजा असती तर रोजाचे पाचशे नक्की वाचले असते. बोनस वाचला असता की नाही, हे कागदावरच्या एका ओळीवर अवलंबून होतं.

तुमच्या घरातलं कुणी अशा कामाला निघालं असेल तर पगार किती, एवढं विचारून थांबू नका. एक खाडा पडला तर हातात किती येतील, मंजूर रजा आणि अर्धा दिवस खाड्यात धरता का, हेही विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नका, मागं कितीही रांग असली तरी.